बेकिंग पावडर न घालता स्पंज केक : अंडी आणि साखर ‘रिबन पडेपर्यंत’ फेटणे नेमके कुठे थांबवावे?

केवडा

नमस्कार. बेकिंग पावडर अजिबात न घालता, केवळ अंड्यांच्या फेसावर फुगणारा स्पंज केक मी आतापर्यंत तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा तो एकाच प्रकारे बिघडला, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे प्रमाण असे आहे : ४ अंडी, म्हणजे टरफले काढून साधारण २०० ग्रॅम, बारीक साखर १२० ग्रॅम, मैदा १२० ग्रॅम आणि वितळवलेले बटर ३० ग्रॅम. केकचे भांडे २० सेंटीमीटर व्यासाचे आहे. ओव्हन आधी तापवून १७५ अंशांवर २८ मिनिटे केक भाजते. अंडी फोडण्याआधी अर्धा तास फ्रिजमधून बाहेर काढून ठेवते आणि साखर घालून हँड बीटरने सर्वांत जास्त वेगावर सुमारे ७ मिनिटे फेटते. तोवर मिश्रण चांगले फुगते, त्याचा रंग फिकट होतो आणि बीटर उचलला की ते धार धरून खाली पडते. ही धार म्हणजेच रिबन असे समजून मी तिथे थांबते.

केक भाजून झाल्यावर त्याची उंची जेमतेम ३ सेंटीमीटर भरते. कापल्यावर तळाशी अर्धा सेंटीमीटर जाडीचा, ओलसर दिसणारा आणि चावताना रबरासारखा लागणारा थर असतो. वरचा भाग खाण्याजोगा असतो, पण स्पंज म्हणावा असा हलका नसतो. माझे फेटणे कमी पडते, की मैदा मिसळताना फेस बसतो, हे कसे ओळखावे?

मंदार

तळाशी दाट थर आणि कमी उंची ही जुन्या बेकिंग पावडरीची खूण आहे. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहा. जोरात बुडबुडे आले नाहीत तर नवीन डबा उघडा.

केवडा

मंदार, आभार, पण या कृतीत बेकिंग पावडर नाहीच. ती न घालता केक जमावा हीच खटपट आहे.

शिशिर

मूळ अडचण बलकात आहे. अंड्याचे पांढरे फेटताना त्यात बलकाचा थेंब जरी पडला तरी फेस धरत नाही, हे आपण सगळेच जाणतो, कारण बलकात स्निग्धांश असतो. मग अख्खी अंडी फेटून चांगला फेस येण्याची अपेक्षा कशी ठेवावी? पांढरे आणि बलक वेगळे करून दोन्ही निरनिराळे फेटावेत आणि शेवटी एकत्र करावेत. मी नेहमी तसेच करतो आणि केक उत्तम फुगतो. अख्खी अंडीच फेटायची असतील तर निर्धास्तपणे बराच वेळ फेटावीत, कारण पांढऱ्याप्रमाणे ती जास्त फेटून फाटत नाहीत.

ओंजळ

केवडाताई, तुम्ही वर्णन केलेली धार ही रिबन नाही, रिबनच्या आधीची पायरी आहे. तुमचा केक बहुतेक तिथेच अडतो आहे. आधी शिशिर यांच्या मुद्द्याविषयी लिहिते, कारण त्यात निम्मे तथ्य आहे.

बलकामुळे पांढऱ्याचा फेस बिघडतो हे खरे आहे, पण ती अडचण पांढऱ्याचा ताठ, शिखरे उभी राहणारा फेस हवा असेल तेव्हाची. अख्ख्या अंड्याचा फेस निराळ्या जातीचा असतो. तो कधीच ताठ होत नाही आणि व्हायलाही नको. तो दाट, लवचिक आणि ओतता येण्याजोगा असतो, आणि त्यातले बुडबुडे टिकवण्यात साखरेच्या घट्ट पाकाचा मोठा वाटा असतो. बलकातला स्निग्धांश तेलासारखा सुटा नसतो, तो प्रथिनांना आणि लेसिथिनला बांधलेला असतो, म्हणून फेस होण्यास वेळ लागला तरी फेस होतो. वेगळे करून फेटण्याची पद्धत चांगलीच आहे, पण त्या केकचा पोत थोडा कोरडा आणि निराळा येतो. इथे प्रश्न अख्ख्या अंड्यांचा असल्याने मी त्याबद्दलच लिहिते.

अख्खी अंडी आणि साखर फेटण्याआधी कोमट करावीत, हा या कृतीचा गाभा आहे आणि तुमच्या पद्धतीत नेमका तोच सुटला आहे. फ्रिजमधून अर्धा तास आधी काढलेले अंडे आतून गारच असते. पातेल्यात दोन बोटे पाणी घेऊन वाफा दिसू लागेपर्यंत तापवा आणि आच बंद करा. त्यावर अंडी-साखरेचे भांडे असे ठेवा की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. त्यानंतर हाताच्या व्हिस्कने सतत, न थांबता ढवळत राहा. मिश्रण ४० ते ४३ अंशांवर पोहोचले की भांडे उतरवा. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ बोट बुडवा : मिश्रण बोटापेक्षा किंचित ऊन लागले पाहिजे आणि चिमटीत चोळल्यावर साखरेचा एकही कण जाणवता कामा नये. ५० अंशांच्या पुढे जाऊ नका. ढवळणे थांबले की कडेचे अंडे शिजू लागते, आणि त्या शिजलेल्या बारीक गुठळ्या नंतर केकमध्ये पिवळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. साखर अंड्यांवर ओतून तशीच सोडू नका, हेही याच ओघात सांगते. साखर बलकातले पाणी ओढून घेते आणि त्याच्या कडक गाठी बनतात. त्या पुढे कितीही फेटले तरी मोडत नाहीत.

कोमट मिश्रण पातळ होते, बीटरखाली सहज हवा धरते आणि त्यातली साखर पूर्ण विरघळते. मग फेटता फेटता ते निवत जाते, आणि निवता निवता दाट होते. मी भांड्याच्या तळाला हात लावून पाहते : तळ अजून कोमट असेल तर फेस कितीही मोठा दिसत असला तरी मी थांबत नाही, कारण कोमट फेस सैल असतो आणि मैदा पडताच बसतो.

आता रिबन कशी ओळखायची ते सांगते. बीटर बंद करा, वळसा वर उचला आणि पडणाऱ्या मिश्रणाने पृष्ठभागावर इंग्रजी आठचा आकडा काढा. तुमच्या वर्णनातल्या धारेने काढलेला आकडा पुरा होईपर्यंत त्याची सुरुवात विरून जाईल. खऱ्या रिबनमध्ये मिश्रण धारेने नव्हे तर रुंद पट्ट्याने उतरते आणि पृष्ठभागावर साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या घालत साचते. आकडा पुरा झाल्यावरही त्याचा पहिला फाटा स्पष्ट दिसतो आणि साधारण ८ ते १० सेकंदांनंतर हळूहळू खाली बसतो. दात कोरायची काडी दीड सेंटीमीटर खोचली तर ती उभी राहते, निदान लगेच कलंडत नाही. रंगावर मात्र विसंबू नका. रंग चौथ्या-पाचव्या मिनिटालाच फिकट होतो, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर वजन करा. १०० मिलिलिटरचा मापाचा कप काट्यावर ठेवून शून्य करा, त्यात फेस हलक्या हाताने भरा, वर सपाट करा आणि वजन पाहा. मला २५ ते २८ ग्रॅम भरले की फेस तयार वाटतो. ३५ च्या वर असेल तर अजून फेटायचे बाकी आहे. मैदा आणि बटर मिसळल्यानंतरही असाच कप भरून पाहा. तेव्हा ४५ ते ५० ग्रॅम असावे. ही दोन वजने तुमच्या प्रश्नाचे उत्तर देतील : पहिलेच जास्त आले तर फेटणे कमी पडले, पहिले बरोबर आणि दुसरे ६० च्या आसपास आले तर मिसळताना फेस बसला.

वैशाखी

माझ्याकडे बीटर नाही, मी हातानेच फेटते. ओंजळ यांनी सांगितलेली कोमट करण्याची पायरी हाताने फेटणाऱ्यासाठी तर अपरिहार्य आहे. पहिली पाच-सहा मिनिटे मी भांडे गरम पाण्यावर ठेवूनच फेटते, मग खाली उतरवून पुढे चालू ठेवते. ४ अंड्यांना मला एकूण २० ते २५ मिनिटे लागतात. हाताने फेटलेली रिबन बीटरइतकी जाड होत नाही, असा माझा अनुभव आहे. काडी काही उभी राहत नाही, पण आकडा ५-६ सेकंद टिकतो आणि केक तरीही फुगतो. भांडे फार रुंद असले की मिश्रण पातळ पसरते आणि व्हिस्कच्या तारा त्यात बुडतच नाहीत. त्यामुळे मी खोलगट, अरुंद भांडे घेते. केवडा, तुमच्या बीटरचे वळसे मिश्रणात पूर्ण बुडतात का, तेही एकदा पाहा.

निरांजन

माझा प्रश्न जरा निराळा आहे. मी रोलसाठी पातळ स्पंज करतो : ३ अंडी, ७५ ग्रॅम साखर, ६० ग्रॅम मैदा. केक फार गोड होतो म्हणून साखर ४५ ग्रॅमवर आणली. फेस लवकर येतो आणि भरपूर येतो, पण मैदा मिसळताना तो सोडा-लेमनच्या फेसासारखा चरचरत खाली बसतो. साखर कमी केली की फेस का टिकत नाही?

ओंजळ

निरांजन, तुम्ही तुमच्या प्रश्नातच निरीक्षण नेमके नोंदवले आहे. साखर फेस येण्याचा वेग कमी करते, पण आलेला फेस धरून ठेवते. ती विरघळून बुडबुड्यांमधले द्रव दाट करते. दाट द्रव सावकाश निथळतो, म्हणून बुडबुड्यांच्या भिंती लवकर पातळ होत नाहीत. साखर कमी केली की उलट घडते : फेस पटकन येतो, बुडबुडे मोठे आणि असमान असतात आणि मैद्याच्या पहिल्याच मुठीला फुटू लागतात. मी साखर अंड्यांच्या वजनाच्या निम्म्याखाली नेत नाही. तुमची ३ अंडी १५० ग्रॅम धरली तर ७५ ग्रॅम ही माझ्या हिशेबाने तळाची मर्यादा झाली. गोडी कमी हवी असेल तर ती रोलच्या आतल्या सारणात कमी करावी.

शिशिर

बलकाविषयीची दुरुस्ती मला मान्य आहे, पण दुसऱ्या मुद्द्यावर मी ठाम आहे. अख्खी अंडी जास्त फेटून बिघडत नाहीत. मी स्टँड मिक्सरवर २० मिनिटेही फेटली आहेत.

ओंजळ

ती पांढऱ्यासारखी फाटत नाहीत, दाणेदार होऊन पाणी सोडत नाहीत, हे खरे. पण सतत पूर्ण वेगावर फेटत राहिले की फेसात मोठे बुडबुडे भरत जातात आणि कपाचे वजन २२ ग्रॅमच्याही खाली येते. असा केक ओव्हनमध्ये झपाट्याने वर येतो, बाहेर काढल्यावर मधोमध खचतो आणि त्याची जाळी जाडीभरडी दिसते. त्यासाठीच मी रिबन पडू लागली की वेग सर्वांत कमी करते, बीटर भांड्याच्या कडेजवळ एका जागी उभा धरते आणि १५-२० सेकंदांनी भांडे थोडे फिरवते. ३ ते ४ मिनिटांत मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात आणि पृष्ठभागाला साटीनसारखी झळाळी येते. मापाच्या कपाने फेस उचलल्यावर राहिलेल्या खड्ड्याच्या कडा पाहिल्या तर फरक दिसतो. आधी कडेवर डोळ्यांना दिसतील असे बुडबुडे असतात, नंतर ती कड लोण्यासारखी गुळगुळीत दिसते.

शिशिर

कमी वेगाची ही पायरी मी एकदा करून आणि एकदा गाळून पाहिली आहे. मला कापलेल्या केकमध्ये फरक दिसला नाही. मैदा मिसळताना मोठे बुडबुडे तसेही फुटतातच.

ओंजळ

ताकदवान स्टँड मिक्सरवर मध्यम वेगाने सावकाश फेटत असाल तर तुमचा फेस मुळातच बारीक बुडबुड्यांचा असणार आणि फरक कमीच जाणवणार. हँड बीटरवर पूर्ण वेगाने फेटल्यावर मला फरक दर वेळी दिसतो. तुम्ही कोणत्या वेगावर फेटता, ते लिहाल का?

केवडा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पुन्हा केक केला, आणि या वेळी प्रत्येक टप्प्यावर काटा वापरला, म्हणून तपशिलाने लिहिते. प्रमाण, भांडे आणि बीटर तेच ठेवले.

अंडी आणि साखर गरम पाण्यावर ढवळत ४२ अंशांपर्यंत नेली, त्याला ४ मिनिटे लागली. मग खाली उतरवून पूर्ण वेगावर फेटायला सुरुवात केली. सातव्या मिनिटाला, म्हणजे आधी जिथे मी थांबत असे तिथे, मुद्दाम कप भरून पाहिला : ३६ ग्रॅम. कोमट करूनही ही स्थिती, मग आधीच्या तीन वेळी फेस याहूनही जड असणार हे उघड आहे. धार पडत होती, आकडा दोन सेकंदांत विरत होता आणि भांड्याचा तळ हाताला कोमट लागत होता. नवव्या मिनिटाला ३० ग्रॅम भरले. अकराव्या मिनिटाला तळ गार झाला, वजन २६ ग्रॅम आले आणि पहिल्यांदाच ओंजळताईंनी लिहिलेल्या निऱ्यांसारख्या घड्या पडलेल्या दिसल्या. मी आठचा आकडा काढून मनात मोजत राहिले. नऊपर्यंत त्याचा पहिला फाटा दिसत होता. त्यानंतर ३ मिनिटे सर्वांत कमी वेगावर फेटले. वजन २७ ग्रॅमवर गेले, पण पृष्ठभाग खरोखरच झळाळू लागला.

मैदा दोनदा चाळून तीन हिश्श्यांत घातला आणि स्पॅट्युलाने तळापासून उचलत मिसळला. बटर पातळ असतानाच शेवटी ओतले. भांड्यात ओतण्याआधी कप भरला तर ५१ ग्रॅम आले. केक २८ मिनिटांत भाजला गेला. बाहेर काढल्यावर मी भांडे एकदा ओट्यावर अलगद आपटले आणि लगेच उलटे करून जाळीवर काढले. उंची साडेचार सेंटीमीटर भरली. जाळी बारीक आहे आणि बोटाने दाबले की केक परत वर येतो.

तरीही तळाशी दोन मिलिमीटरची एक पिवळसर, दाट रेघ राहिलीच आहे. ती कुठून आली?

ओंजळ

३ वरून साडेचारवर आलात, म्हणजे मुख्य दोष फेटण्यातच होता हे आता निश्चित झाले. राहिलेली रेघ बटरची वाटते. बटर मिश्रणापेक्षा जड असते. ते सरळ ओतले की फेस चिरत तळाशी जाते आणि ओव्हनमध्ये मैद्याबरोबर शिजून तीच पिवळी रेघ बनते. बटर ५० ते ६० अंशांवर ऊन असू द्या, एका वाटीत मोठे दोन चमचे मिश्रण काढून त्यात बटर पूर्ण एकजीव करा आणि मग ते मूळ मिश्रणात परत घालून मिसळा. गार झालेले बटर फेसात थिजते आणि आणखी लवकर बसते. रेघेचा रंग आणि स्पर्श बारकाईने पाहिलात का? पिवळी आणि तुपकट असेल तर बटर. पांढुरकी, पिठाळ असेल तर तळाशी मैदा मिसळायचा राहून गेला आहे.

केवडा

रंग पिवळा आहे, पण बोटाला तुपकट लागत नाही. एका कडेला ती जाड आहे, दुसऱ्या कडेला जवळजवळ नाहीच.

वैशाखी

एका कडेला जाड असेल तर मला वेगळीच शंका येते. मिश्रण भांड्यात ओतून झाल्यावर वाडग्याला चिकटलेले शेवटचे मिश्रण स्पॅट्युलाने खरवडून तुम्ही कुठे ओतलेत? त्या मिश्रणातला फेस बसलेला असतो, आणि ते एकाच जागी पडले की तिथे दाट पट्टा येतो. मी ते कडेकडेने पसरून ओतते आणि वरच्या थरात स्पॅट्युलाच्या टोकाने हलकेच मिसळते.

केवडा

खरवडलेले मिश्रण मी ओव्हनच्या दाराकडच्या कडेला एकाच जागी ओतले होते, हे आठवते, पण रेघ त्याच कडेला आहे की नाही हे आता सांगता येणार नाही, कारण केक उलटा करताना मी तो फिरवला. पुढच्या खेपेला बटर वाटीत मिसळून घालेन, खरवडलेले मिश्रण मात्र मुद्दाम त्याच जागी ओतून भांड्याच्या कडेला खूण करेन. रेघ खुणेजवळ आली तर वैशाखी यांचे म्हणणे बरोबर, आणि अजिबात आली नाही तर ओंजळताईंचे.

शिशिर

माझ्या मिक्सरला ६ वेग आहेत आणि मी चौथ्यावर फेटतो, पूर्ण वेगावर कधीच नाही. ओंजळ म्हणतात ते कारण असू शकेल. रविवारी हँड बीटरवर पूर्ण वेगाने फेटून, अर्धा फेस तसाच आणि अर्धा कमी वेगावर फिरवून, दोन छोट्या भांड्यांत भाजेन आणि दोन्हींच्या कापलेल्या बाजूंचे फोटो इथे टाकेन.